पन्नासला पन्नास

भाऊ निवृत्त झाला त्या आठवड्यात मी त्याला एक यादी करून दिली. भविष्य निर्वाह निधीचा अर्ज, ग्रॅच्युइटी, क्वार्टर सोडण्याची तारीख, गॅसची नोंदणी बदलणे, वीजबिलाचा दाखला. चौतीस वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये काम केलेला माणूस, पण स्वतःच्या घराचं वीजबिल त्याने कधी भरलं नव्हतं, कारण स्वतःचं घरच नव्हतं. यादीच्या शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं: धुळ्याचं घर.

ती ओळ वहिनींची होती. वहिनी मूळच्या धुळ्याच्या. लग्न झाल्यापासून कॉलनीत राहिल्या. भिंतीला खिळा ठोकायचा तरी क्वार्टर रिकामं करताना ते भोक बुजवावं लागेल, या हिशोबाने जगल्या. त्यांना धुळ्यात, मुलीच्या घराजवळ, स्वतःचं घर हवं होतं. दुसरं त्यांनी कधी काही मागितलं नाही. भाऊने क्वार्टर सोडलं आणि कॉलनीबाहेर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वहिनींनी निम्मं सामान खोक्यांतून काढलंच नाही. म्हणायच्या, परत बांधायचंच शे ना.

मी जळगावात एका शाळेत हेडक्लार्क आहे. माझ्याकडे सगळ्याच्या याद्या असतात. भाऊच्या पैशांची वहीही मीच ठेवत होते. म्हणून हे सगळं लिहिणंही माझ्याकडेच आलं.

फंडाचे चोवीस लाख भाऊने शेअरमध्ये घातले. धुळ्यात मनासारखं घर मिळेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातील, तोवर पैसे वाढतील, असं त्याचं म्हणणं होतं. मी विरोध केला नाही. जळगावात रिंग रोडला एका दुकानावर जिना चढून गेलं की एका सल्लागाराचं ऑफिस होतं. पस्तिशीचा, नीटनेटका, खोटं न बोलणारा मुलगा. त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं, "काका, या छोट्या कंपन्या आहेत. वर जातात तशा खालीही जातात. घराचे पैसे असतील तर एवढे घालू नका." भाऊ म्हणाला, "मी दोनशे दहा मेगावॅटचा संच चालवलाय. मला वर-खाली सांगू नको."

पैसे घातले आणि दुसऱ्या महिन्यापासून बाजार उतरायला लागला.

भाऊ दिवसातून चाळीस वेळा फोन बघायचा. जेवताना, संडासात, देवाला उदबत्ती लावताना. एकदा रक्तदाब इतका वाढला की भुसावळला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. तेव्हा मी नियम केले. मला नियम करायला आवडतात. ॲप फोनमधून काढून टाकायचं. रुपयांचा आकडा बघायचा नाही, कोणी सांगितला तरी ऐकायचा नाही. सल्लागार दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या गिऱ्हाइकांना एक मेसेज पाठवायचा, त्यात फक्त टक्का असायचा. तो मी वहीत लिहायचा आणि भाऊला फोन करून सांगायचा. बास. भाऊने ऐकलं. त्याचा रक्तदाब उतरला. मला वाटलं, मी काहीतरी चांगलं केलं.

वहीत मी दोन रकाने केले होते. डावीकडे 'शिखरापासून घसरण'. सल्लागाराच्या मेसेजात हेच शब्द असायचे. भाऊने पैसे घातले ते नेमके शिखरावर, त्यामुळे ती घसरण त्याचीच होती. बारा. एकवीस. चौतीस. एक्केचाळीस. पन्नास. पन्नासवर ती थांबली. पुढच्या महिन्यापासून मेसेजातले शब्द बदलले, 'तळापासून वाढ'. मी ते उजव्या रकान्यात लिहायला लागले. सहा. पंधरा. तेवीस.

पंधराचा आकडा सांगितला तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, "म्हणजे पस्तीस राहिले."

"पस्तीस," मी म्हटलं.

एवढं सोपं वाटत होतं. डाव्या रकान्याच्या तळाशी पन्नास, आणि उजवा रकाना त्याच्याकडे सरकतोय. शाळेत मी रजेची नोंद अशीच ठेवते. इतक्या गेल्या, इतक्या जमा झाल्या, बाकी शून्य. वहिनी फोन घेऊन विचारायच्या, "आते कितला बाकी शे?" मी आकडा सांगायचे. उजवीकडे तेवीसचे बत्तीस झाले, मग एक्केचाळीस. त्यांनी खोक्यांवर खडूने लिहायला सुरुवात केली, कुठलं खोकं धुळ्यात कुठल्या खोलीत जाणार ते.

एका पहिल्या तारखेला शाळेत प्रवेश अर्जांचा ढीग पुढ्यात होता. मेसेज आला. 'तळापासून वाढ: ५० टक्के.' मी तिथूनच फोन लावला.

"भाऊ, झालं. पन्नासला पन्नास."

पलीकडे त्याने वहिनींना हाक मारली. मग तो म्हणाला, "फुल लोड."

त्याच रविवारी आम्ही धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता भाऊ खिडकीशी बसून बोलत होता. देवपुरातलं घर भाऊच्या मुलीने आधीच हेरून ठेवलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे धुण्याचा ओटा, पुढे हातभर अंगण आणि त्यात कढीपत्त्याचं झाड. मालकीण निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, एकट्या राहायच्या. मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून विकत होत्या. सत्तावीस लाख. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यावर तळहात ठेवला, आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग बाहेर आल्या. भाऊने त्यांच्याकडे बघितलं आणि बँकेतल्या वेगळ्या ठेवलेल्या पैशांतून तीन लाखांचा चेक लिहिला.

सौदा पावतीचा मसुदा मी वाचला, दोनदा वाचला. बाकी चोवीस लाख दोन महिन्यांत. मुदतीत न दिल्यास इसाराचे तीन लाख परत मिळणार नाहीत. बाईंनी ती ओळ माझ्यापुढे बोट ठेवून दाखवली. म्हणाल्या, "मीही तिकडे पुण्याला शब्द दिलाय हो. मला थांबता येणार नाही."

"थांबायचं कारणच नाही," मी म्हटलं. हे वाक्य माझं आहे. भाऊचं नाही.

दहा दिवसांनी आम्ही सल्लागाराच्या ऑफिसात गेलो, शेअर विकायला. तिथे नेहमी एक नाना बसलेले असायचे. सत्तरीचे, बँकेतून निवृत्त, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. भिंतीवरच्या पडद्यासमोरची पहिली खुर्ची त्यांची. कोणी त्या खुर्चीवर बसलं तर ते उभे राहून नुसते बघत राहायचे.

"काय भाऊसाहेब, लग्नाला आल्यासारखे आलात," नाना म्हणाले.

"घर घेतोय, नाना. विकायला आलो."

"विकून जाणारा माणूस या जिन्यावर मी पहिल्यांदा बघतोय. पेढे ठेवून जा."

सल्लागाराने खातं उघडलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला. अठरा लाख आणि वर काही हजार.

भाऊ म्हणाला, "हे एक झालं. बाकीचं दाखव."

"बाकीचं काय, काका? एवढंच आहे."

"चोवीस होते."

"हो. पन्नास टक्के पडले, बारा झाले. तिथून पन्नास टक्के वाढले, अठरा झाले."

"पन्नास पडले, पन्नास वाढले," भाऊ सावकाश म्हणाला, लहान मुलाला सांगावं तसं. "म्हणजे चोवीस."

"चोवीसचे पन्नास टक्के बारा होतात, काका. बाराचे पन्नास टक्के सहाच होतात."

मी त्या क्षणी खुर्चीत बसले होते आणि मांडीवर वही उघडी होती. डावीकडे पन्नास, उजवीकडे पन्नास, आणि खाली मी लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या. हिशोब मिटला की मारतात तशा. पडद्यावर अठरा दिसले तेव्हाच, सल्लागार बोलायच्या आधी, भाऊ समजून घ्यायच्या आधी, मला ते कळलं होतं. गणित पाचवीच्या मुलाचं होतं. मी वीस वर्षं पगारपत्रकं करते आहे.

भाऊ मात्र उठला. "सहा लाख कुठे गेले? कोणी खाल्ले ते सांग."

"कोणी नाही खाल्ले."

"मग तू मेसेजात पन्नास कसे लिहिले?"

"'तळापासून' असं लिहिलं होतं, काका. दर वेळी लिहिलं होतं. ताई, तुमच्याकडे असतील ना ते मेसेज?"

माझ्याकडे होते. सगळे होते. वहीच्या रकान्याच्या डोक्यावर माझ्याच अक्षरात 'तळापासून' लिहिलेलं होतं.

"चोवीस परत यायला बारा दुप्पट व्हायला हवे होते," सल्लागार म्हणाला. "शंभर टक्के. आता अठरावरून म्हणाल तर अजून तेहतीस टक्के हवेत."

"किती दिवसांत होतील?"

"मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. वर्षाला बारा टक्क्यांनी वाढले तर अडीच वर्षं. तळाला होतो तिथून सहा वर्षं लागली असती. आणि दर वर्षी बारा मिळतीलच असंही नाही."

आमच्याकडे पन्नास दिवस होते.

भाऊ परत बसला. पडदा बघत राहिला. नानांनी पेढ्यांचं काही काढलं नाही.

बसस्थानकापर्यंत आम्ही चालत गेलो. तिथल्या टपरीवर मी चहा घेतला, भाऊने त्याचा कप तसाच ठेवला. मी म्हटलं, "भाऊ, चूक माझी आहे. मी रुपये बघायला हवे होते."

त्याने मान हलवली. "तू क्लार्क. मी तर चौतीस वर्षं टक्क्यांतच काढली." मग त्याने मला समजावलं, आणि ते इतकं शांतपणे की मला ऐकवेना. पावसाळ्यात कोळसा ओला येतो. कोळसा दळायची मिल बंद पडते, लोड उतरतो. कंट्रोल रूममधून वर कळवायचं, संच पन्नास टक्क्यांवर. मिल सुरू झाली की लोड चढवायचा, आणि मग कळवायचं, पन्नास टक्के चढवला, फुल लोड. पन्नास उतरला, पन्नास चढला. कधी चुकलं नाही. "कारण तिथे टक्का नेहमी एकाच आकड्याचा. दोनशे दहाचा. तो आकडा संचाच्या पाटीवर कोरलेला असतो. लोड कितीही उतरो, पाटी उतरत नाही." त्याने गार झालेला कप दूर सरकवला. "इथे पाटीच रोज बदलते, हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे पोराने सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल."

एकशे पाचवरून दोनशे दहावर न्यायचं म्हणजे दुप्पट करायचं, हे तो हाताने चौतीस वर्षं करत आला होता. त्याला कोणी तिथे शंभर टक्के म्हणत नव्हतं, एवढंच.

वहिनींना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्या खोक्यांमध्ये बसून तांदूळ निवडत होत्या. मी पन्नास, बारा, अठरा असं सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"बठ्ठा पैसा गया का?"

"नाही वहिनी, अठरा लाख आहेत. सहा कमी पडतात."

"मंग घर?"

मी म्हटलं, मी बघते. आणि घरी येऊन यादी केली.

ती यादी अजून माझ्याकडे आहे. सहा लाख कुठून, असं वर लिहिलंय. घराचं कर्ज: बँकेत गेले, साहेबांनी भाऊचं वय आणि पेन्शनचा आकडा बघितला. त्या पेन्शनमध्ये महिन्याचा किराणा आणि औषधं बसतात, हप्ता बसत नाही. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, फार सौजन्याने. काट. वहिनींचे दागिने: मुलीच्या लग्नात गेले, उरलेत ते अंगावरचे. काट. माझी ठेव: दोन लाख, माझ्या मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी. तिथे मी काट मारली नाही, प्रश्नचिन्ह केलं, आणि चार दिवस त्या प्रश्नचिन्हाकडे बघत होते. तरी चार लाख उरतच होते. असोद्याचे चुलतभाऊ: केळीची कापणी अजून तीन महिने लांब, आणि भाव पडलेला. काट. धुळ्याच्या बाईंना मुदत मागणे: त्यांनी फोनवरच सांगितलं, "मी तुम्हाला त्या दिवशीच म्हटलं होतं." काट. जावई: भाऊ म्हणाला, "तिथे हात पसरलास तर मी मेलो असं समज." काट.

यादीत काट मारायला मला नेहमी बरं वाटतं. काम संपतं एक एक. या यादीतल्या प्रत्येक काटेसरशी घर लांब जात होतं. मला रात्री झोप लागायची, हेच वाईट वाटायचं. भाऊला लागत नव्हती.

मुदतीला महिना उरला असेल. शाळेत सकाळची घंटा झाली आणि सल्लागाराचा फोन आला. "ताई, काका इथे आलेत. सगळे शेअर विकून ऑप्शनच्या सट्ट्यात घालायचे म्हणताहेत. मी नाही म्हणालो तर दुसरीकडे खातं उघडतो म्हणतात. तुम्ही याल का?"

मी अर्धी रजा टाकली आणि रिक्षा केली.

भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, ड्यूटीवर जाताना घालायचा तसा. समोर एक कागद होता. त्याने स्वतः हिशोब केला होता.

"तेहतीस टक्के हवेत," तो मला म्हणाला. "ऑप्शनमध्ये दिवसात होतात तेवढे. मी विचारलंय लोकांना."

"आणि उलटे गेले तर?"

"उलटं जाऊन काय उलटं जाणारे? घर तसंही चाललंच आहे."

"अठराचे तेहतीस टक्के गेले तर बारा राहतात. मग पुन्हा दुप्पट हवेत. निम्मे गेले तर नऊ. मग किती हवेत? तू सांग."

 मीच कागदावर लिहिलं. नऊचे चोवीस म्हणजे एकशे सदुसष्ट टक्के. "जेवढं खाली जाशील, तेवढा वर यायचा जिना लांब होतो. पायऱ्या तेवढ्याच राहत नाहीत."

"मला शिकवू नकोस!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन बघून गेला. "वहीत रेघा मारल्यास तू. दोन रेघा. लाल. तुझ्या रेघांवर मी तीन लाखांचा चेक फाडला."

हे त्याने आजपर्यंत म्हटलं नव्हतं. मी वाट बघत होते, कधी म्हणेल याची.  सल्लागार खाली मान घालून बसला होता. पडद्यावर हिरवे-लाल आकडे सरकत होते.

"भाऊसाहेब," नाना म्हणाले. ते खुर्चीतून वळले नव्हते, पडद्याकडे बघूनच बोलत होते. "मी इथे रोज का येतो, माहीत आहे?"

"चहा फुकट मिळतो म्हणून," भाऊ रागातच म्हणाला.

"ते आहेच. चहा चांगला करतात." नाना वळले. "माझे दहा लाख होते. आधी निम्मे झाले. मग मीही म्हटलं, आता सावकाश नको, आता एकदम. ऑप्शन घेतले. दोन उरले. ऐंशी टक्के गेले. आता परत दहा व्हायला किती हवेत, विचारा या पोराला."

सल्लागाराने चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

"चारशे टक्के," नानाच म्हणाले. "पाचपट. पाच वर्षांपासून मी पाचपट होण्याची वाट बघतोय. घरी सांगितलंय, ऑफिसात हिशोब बघायला जातो, थोडे पैसे मिळतात." त्यांनी खिशातली दोन्ही पेनं काढून बघितली आणि परत लावली. "ही खुर्ची तुम्हाला हवी असेल तर देतो. मागे अजून एक जागा आहे, मी तिथे बसेन. दोघं मिळून वाट बघू."

ऑफिसात कोणी हसलं नाही. नाना स्वतः थोडे हसले आणि परत पडद्याकडे वळले.

भाऊने त्या पहिल्या खुर्चीकडे बघितलं. मग त्याने आपला हिशोबाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि सल्लागाराला म्हणाला, "सगळे वीक. पैसे बँकेत टाक. ऑप्शन नको."

"नक्की? थांबायचं असेल तर शेअर तसेच ठेवता येतील, काका. हळूहळू..."

"मला अजून एक पायरी खाली जायची ताकद नाही," भाऊ म्हणाला. "वर जायचीही नाही."

मुदत संपायच्या आत आम्ही धुळ्याला गेलो, या वेळी वहिनींना न घेता. मुख्याध्यापिका बाईंनी सरबत केलं. भाऊने सरळ सांगितलं, पैसे जमत नाहीत. बाईंनी सौदा पावती कपाटातून आणली, ती ओळ पुन्हा दाखवली नाही, कागद नुसता टेबलावर ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते, पण तीन लाख पुण्याला गेले होते, तिथल्या इसारात. "दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर एक लाख तुम्हाला परत देईन," त्या म्हणाल्या. "लिहून देत नाही, पण देईन." फोन अजून आलेला नाही. मीही केलेला नाही. भाऊने निघताना कढीपत्त्याची चार पानं तोडली, मग काय करावं कळेना म्हणून हातातच धरून बसला. पारोळ्याच्या पुढे ती त्याच्या हातात कोमेजली.

आता ते त्याच भाड्याच्या दोन खोल्यांत आहेत. भाडं बँकेतल्या व्याजातून जातं आणि थोडं उरतं. वहिनींनी खोकी उघडली, एक एक करून, न सांगता. खोक्यांवरचं खडूचं 'पुढची खोली', 'देवघर' पुसलं नाही, खोकी घडी करून माळ्यावर टाकली.

गेल्या महिन्यात मी नवी वही घेऊन गेले. यात टक्के नाहीत, रुपयेच लिहायचे असं मी ठरवलं होतं, आणि ठेवीची पहिली नोंद करायची होती. मी जुन्या सवयीने वर 'मूळ रक्कम: चोवीस लाख' लिहायला लागले. भाऊने माझा हात धरला.

"ते नको."

"मग?"

"संच जुना झाला की त्याची क्षमता कमी करून लिहितात," तो म्हणाला. "दोनशे दहाचा संच दोनशे दहा देत नाही. वर्षानुवर्षं आपण म्हणत बसतो, इतके टक्के कमी, इतके टक्के कमी. मग एक दिवस कागदावर आकडाच खाली आणतात, आणि तो शंभर टक्के धरतात. मी स्वतः ती पत्रं टाइप करून घेतली आहेत." त्याने वहीवर बोट ठेवलं. "अठरा लिही. अठरा म्हणजे शंभर. आजपासून."

मी लिहिलं. मूळ रक्कम: अठरा लाख. पुढे, शंभर टक्के. त्याने चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. मला वाटलं, चला, एक काम मिटलं.

आतून वहिनींचा आवाज आला. भांडी घासत होत्या, नळ चालू होता, तरी त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"आन मना घरनं काय लिखं?"

भाऊने चष्मा काढला. त्यांच्या घराचं कुठे काही लिहिलंय का म्हणून मी वही उलटून पाहिली, उगीचच, पुढची पानं कोरी होती हे मला माहीत असताना. नळ चालू राहिला. त्या पुन्हा विचारतील म्हणून मी पेन उघडंच धरून बसले होते, पण त्यांनी परत विचारलं नाही.